फ्लॅश रिकामी, तरी रॅम भरली

आर्डुइनो उनो हा छोटा निळा बोर्ड अभियांत्रिकीच्या प्रकल्पांत हमखास दिसतो. त्याच्यावरच्या एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये प्रोग्रॅम ठेवायला ३२ केबी फ्लॅश आहे आणि चालू कामातली माहिती ठेवायला फक्त २ केबी, म्हणजे २०४८ बाइट रॅम. आता समजा, पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘पाणी कमी’, ‘मोटर बंद’ असे चाळीस वेगवेगळे संदेश इंग्रजीत लिहिले. प्रत्येकी चाळीस अक्षरे आणि शेवटची खूण म्हणून एक बाइट, असे मिळून १६४० बाइट झाले. फ्लॅशमध्ये यापेक्षा कितीतरी जास्त जागा मोकळी असते. तरीही बोर्ड मध्येच रीसेट होतो, नाहीतर पडद्यावर काहीतरी अगम्य छापतो.

याचे मूळ चिपच्या रचनेत आहे. ही चिप हार्वर्ड पद्धतीची आहे, म्हणजे तिच्यात आज्ञांची स्मृती वेगळी, माहितीची वेगळी आणि दोन्हींकडे जाणाऱ्या तारांचे जुडगेही वेगळे. हे नाव १९४४ साली हार्वर्ड विद्यापीठात बसवलेल्या मार्क वन या यंत्रावरून पडले. हॉवर्ड एकन यांच्या कल्पनेतून आलेले हे यंत्र आज्ञा भोके पाडलेल्या कागदी फितीवरून वाचायचे आणि आकडे फिरत्या चाकांत ठेवायचे. तेच काम पुन्हा पुन्हा करायचे असेल, तर फितीची दोन टोके चिकटवून तिचे वर्तुळ करत.

पुढच्याच वर्षी एडव्हॅक या यंत्राच्या आराखड्यात आज्ञा आणि आकडे एकाच स्मृतीत ठेवायची कल्पना मांडली गेली. त्या अहवालावर नाव एकट्या जॉन फॉन नॉयमन यांचे होते. एकर्ट आणि मॉचली यांचा त्या कल्पनांत मोठा वाटा असूनही रचनेला नाव फॉन नॉयमन यांचेच चिकटले, हा अन्यायच म्हणायचा. सोय मात्र मोठी झाली. प्रोग्रॅमही माहितीसारखाच लिहिता, हलवता, बदलता येऊ लागला. त्याची किंमत वेगात मोजावी लागते. आज्ञा आणायची वाट आणि आकडा आणायची वाट एकच असल्याने, एसटीच्या एकाच दारातून चढणारे आणि उतरणारे खोळंबावेत, तसे एकाला दुसऱ्यासाठी थांबावे लागते. एटीमेगात हा खोळंबा नाही. एक आज्ञा पार पडत असतानाच पुढची फ्लॅशमधून उचललेली असते.

पण दोन स्मृती म्हणजे पत्त्यांची दोन गावे. ५१२ क्रमांकाचे घर फ्लॅशमध्येही आहे आणि रॅममध्येही, आणि दोन्हींत वेगवेगळी वस्तू आहे. माहिती वाचायची नेहमीची आज्ञा फक्त रॅममध्ये बघते. म्हणून बोर्ड सुरू होताच, मुख्य प्रोग्रॅमच्या आधी, सगळे संदेश फ्लॅशमधून रॅममध्ये उतरवले जातात. संदेशाला `const` लावले तरी या चिपवर हे टळत नाही.

आता हिशेब बघा. संदेशांचे १६४० आणि सिरियल पोर्टच्या दोन बफरांचे प्रत्येकी ६४ वजा जाता २८० बाइट उरतात. एखाद्या फंक्शनमध्ये तीनशे बाइटांचा तात्पुरता ॲरे घेतला, की तो रॅमच्या वरच्या टोकाकडून खाली सरकत संदेशांवर किंवा बफरांवर चढतो. कंपायलर याबद्दल चूक दाखवत नाही. काही संदेश काढून टाकले आणि बोर्ड शहाण्यासारखा वागू लागला, तर दुखणे हेच समजा. संदेश देवनागरीत असतील तर ही वेळ आणखी लवकर येते, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते.

उपाय एका अक्षराचा आहे:

```
Serial.println(F("Tank level low"));
```

या `F` मुळे संदेश फ्लॅशमध्येच राहतो आणि छापताना `LPM` या खास आज्ञेने एकेक बाइट तिथून वाचला जातो. रॅममधून वाचायला दोन ठोके लागतात, इथे तीन. एवढ्या फरकाने छपाईत काही बिघडत नाही. तक्त्यांसाठी `PROGMEM` वापरतात, पण मग `pgm_read_byte` नेच वाचावे लागते. तो पत्ता साध्या फंक्शनला दिला, तर ते रॅममधल्या त्याच क्रमांकाच्या घरात जाते आणि तिथे जे असेल ते उचलून आणते.

घरातल्या लॅपटॉपने मधला मार्ग काढला आहे. मुख्य स्मृती एकच, पण प्रोसेसरच्या अगदी जवळचा कॅशे आज्ञांसाठी वेगळा आणि माहितीसाठी वेगळा. २०२३ साली आलेल्या उनो आर४ चा प्रोसेसरही दोन्ही पद्धतींचा मेळ घालतो. आत वाटा वेगळ्या असल्या, तरी पत्त्यांचे गाव एकच आहे, त्यामुळे तिथे `const` संदेश फ्लॅशमध्येच राहतात आणि `F` ची गरज उरत नाही.

तुमच्याकडे जुना उनो असेल, तर प्रोग्रॅम कंपाइल झाल्यावर खाली येणारी `leaving ... bytes for local variables` ही ओळ वाचत जा. तिथला आकडा तीनशेच्या आसपास आला, की बोर्ड बदलायच्या आधी संदेशांना `F` लावून बघा.