अक्षर मोठं, बटण गायब

आईबाबांच्या फोनवरची अक्षरं मोठी करून देणं हे तसं दोन मिनिटांचं काम. मुलगा किंवा मुलगी सुट्टीला घरी येते, सेटिंग्जमध्ये जाते, घसरपट्टी उजवीकडे टोकाला नेऊन सोडते आणि परतीची गाडी पकडते. चार दिवसांनी फोन येतो, "अगं, लाइट बिल भरताना खाली ते बटण असायचं ना, ते दिसतच नाही!"

बटण असतं तिथेच, फक्त पडद्याच्या खाली ढकललं गेलेलं असतं.

हे का होतं, ते कळायला एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. अँड्रॉइड फोनमध्ये मोठं करण्याच्या दोन वेगळ्या पट्ट्या असतात. एक Font size, दुसरी Display size. सॅमसंगच्या फोनवर दुसरीला Screen zoom म्हणतात. पहिली पट्टी फक्त अक्षरं वाढवते. दुसरी पडद्यावरचं सगळंच वाढवते, म्हणजे चित्रं, चौकटी, बटणं, त्यांच्यातली मोकळी जागा आणि अक्षरंसुद्धा. पडदा मात्र आहे तेवढाच राहतो. दोन्ही पट्ट्या टोकाला नेल्या की एका पडद्यावर मावणारा मजकूर तीन पडद्यांवर पसरतो, आणि ज्या अ‍ॅपच्या कर्त्यांनी याचा विचार केलेला नसतो तिथे तो धड सरकतही नाही.

अक्षरं वाढवण्याची मर्यादाही सगळ्या फोनवर सारखी नाही. अँड्रॉइड १४ पासून मूळ आकाराच्या २०० टक्क्यांपर्यंत जाता येतं, आणि त्यात एक शहाणपणाची सोय आहे. आधीच मोठी असलेली शीर्षकं कमी वाढतात, बारीक मजकूर जास्त वाढतो. त्यामुळे एकाच शब्दाने अख्खी ओळ अडत नाही. जुन्या फोनवर ही सोय नसते, तिथे जपून वाढवावं लागतं.

समजा, साताऱ्यात एकट्या राहणाऱ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचा फोन लावून द्यायचा आहे. त्या फोनवर चारच गोष्टी करतात. व्हॉट्सअ‍ॅप वाचतात, मुलांना फोन लावतात, यूपीआयने बिलं भरतात आणि बँकेचे मेसेज बघतात. फोन लावायचा तो या चार कामांसाठी.

सुरुवात सेटिंग्जपासून नव्हे, काचेपासून करावी. वर्षभर वापरलेला ओरखड्यांचा स्क्रीन गार्ड आधी काढावा. शेजाऱ्याला दिसू नये म्हणून लावतात तो काळसर गार्ड असेल तर तो नक्कीच काढावा, कारण तो समोरून बघणाऱ्याचाही उजेड खातो. वय वाढतं तशी डोळ्यातली बाहुली लहान होत जाते आणि आतलं भिंग पिवळट पडतं. साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीच्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. मुलाला लख्ख वाटणारा फोन आईला मिणमिणता वाटतो तो यामुळे. म्हणून आपोआप उजेड ठरवणारी सोय चालू असली तरी पट्टी हाताने वर सरकवून द्यावी. फोन हळूहळू ती सवय धरतो. बॅटरी वाचवण्याचा मोड कायम चालू ठेवलेला असेल तर तोही बंद करावा, बऱ्याच फोनमध्ये तो उजेड कमी करतो.

मग पट्ट्यांकडे वळावं. अलीकडच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्या Settings, Display, Display size and text या वाटेने सापडतात. कंपनीगणिक नावं बदलतात, तेव्हा सेटिंग्जच्या वरच्या शोधचौकटीत font टाइप करणं सोपं. Display size एक पायरीच वाढवावी आणि उरलेलं काम Font size वर सोपवावं. पट्टी सरकवण्याचं काम बाईंच्याच हातात द्यावं, त्यांचा नेहमीचा चष्मा लावून, फोन नेहमीच्या अंतरावर धरून. शेजारी बसलेल्या मुलीला "एवढं बास" वाटतं ते तिच्या डोळ्यांनी.

मराठी मजकुराला इंग्रजीपेक्षा थोडं जास्त मोठेपण लागतं. आपल्या अक्षराला वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार असतो, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय. तेवढ्याच उंचीत हे सगळं बसवायचं तर मधलं अक्षर बारीक होतं. मुलीने "दुपारी औषधं घे" लिहिलं आणि टिंब दिसलं नाही, तर एकच औषध घ्यायचं असं वाचलं जातं. म्हणून आकार ठरवताना इंग्रजी नमुना न बघता एखादा खरा मराठी मेसेज उघडून टिंब दिसतंय का ते विचारावं. ठळक अक्षरांची सोय चालू करून बघायला हरकत नाही, पण लहान आकारात 'द्ध' किंवा 'क्ष' यांची पोटं त्याने भरून जातात. आधी आकार, मग ठळकपणा.

व्हॉट्सअ‍ॅपला स्वतःची वेगळी पट्टी आहे. त्याच्या सेटिंग्जमध्ये Chats उघडलं की Font size दिसतं, तिथे Large निवडावं. सुप्रभातची चित्रं आणि वर्तमानपत्रांची पानं मात्र यातल्या कशानेच वाढत नाहीत. ती चित्रं असतात, त्यांच्यासाठी दोन बोटं फाकवून मोठं करणं शिकवावं लागतं. बोटं थरथरत असतील तर Accessibility मधलं Magnification चालू करता येतं. फक्त त्यासाठी तीनदा टिचकीची खूण निवडू नये, कारण मग फोन प्रत्येक साध्या टिचकीनंतर दुसरी येतेय का म्हणून क्षणभर थांबतो आणि माणूस पुन्हा पुन्हा दाबत राहतो.

आता खरी परीक्षा, यूपीआयची. बाईंकडूनच आपल्या माणसाला एक रुपया पाठवून घ्यावा. पैसे कोणाला जाताहेत ते नाव पूर्ण दिसतंय का, की अर्ध्यात तीन टिंबं येताहेत? रक्कम टाकल्यावर कीबोर्डखाली पुढचं बटण लपतंय का? नाव तुटत असेल तर ते धोक्याचं, कारण चुकीच्या माणसाला पैसे जाताना थांबवणारी ती एकच ओळ असते. अशा वेळी Display size एक पायरी कमी करावी, अक्षरं तशीच ठेवावीत. बहुतेकदा तेवढ्याने बटण परत दिसतं. तरीही नाही दिसलं तर मागे जाण्याची खूण एकदा करून कीबोर्ड खाली पाडायला शिकवावं.

काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, म्हणजे डार्क मोड, याबद्दल घराघरांत वाद आहेत. मोतीबिंदू असलेल्या काहींना पांढऱ्या पडद्याचा झगझगाट सोसत नाही, त्यांना काळा बरा वाटतो. तिरकस नंबर असलेल्यांना पांढरी अक्षरं पसरट दिसतात, त्यांना नको वाटतो. दोन दिवस वापरून बघण्याखेरीज दुसरा मार्ग नाही.

आयफोनवर साध्या Text Size ची पट्टी अपुरी पडली तर Accessibility मध्ये Larger Text आहे, तिथे आणखी मोठे आकार उघडतात.

अक्षरं सगळ्यात मोठी करूनही वाचता येत नसतील, एक डोळा झाकून बघितल्यावर सरळ ओळी वाकड्या दिसत असतील किंवा शब्दाचं मधलंच अक्षर नाहीसं होत असेल, तर तो दोष फोनचा नाही. डोळ्याच्या पडद्याचे विकार असेच सुरू होतात, मधुमेह्यांना त्यांचा धोका जास्त, आणि काहींवर वेळेत उपचार झाले तरच नजर टिकते. तेव्हा पट्टी तशीच ठेवून त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे नंबर लावावा.