खडा किती मोठा, आणि कुठे?

सोनोग्राफीचा एक रिपोर्ट समोर ठेवू. रुग्ण चाळिशीतला, उजव्या कुशीत पहाटे कळ येऊन उठलेला, दोनदा उलटी झालेली. रिपोर्टमध्ये तीन ओळी कामाच्या आहेत. डाव्या किडनीच्या लोअर कॅलिक्समध्ये 9 मिलिमीटरचा खडा. उजव्या बाजूला व्हीयूजेपाशी 6 मिलिमीटरचा खडा. आणि उजव्या किडनीला ‘माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस’, म्हणजे लघवी तुंबल्यामुळे आलेली थोडी सूज.

घरच्यांचं लक्ष साहजिकच त्या 9 आकड्यावर जातं. पण पहाटे रडवलं ते 6 मिलिमीटरच्या खड्याने. डावीकडचा कदाचित काही वर्षं तिथेच असेल आणि सोनोग्राफी झाली नसती तर त्याचा पत्ताही लागला नसता. खडा किडनीच्या कप्प्यात नुसता पडून असेल तर सहसा दुखत नाही. तो मूत्रवाहिनीत उतरून लघवीची वाट अडवतो, मागे दाब वाढतो, तेव्हा कळ येते.

ही मूत्रवाहिनी किडनीपासून मूत्राशयापर्यंत जाते. लांबी साधारण 25 ते 30 सेंटिमीटर, आतली वाट जेमतेम 3-4 मिलिमीटर. वाटेत ती तीन ठिकाणी आवळलेली असते. पहिली जागा किडनीतून बाहेर पडतानाची, रिपोर्टमध्ये तिला पीयूजे म्हणतात. दुसरी कमरेच्या हाडांच्या पोकळीत शिरताना, जिथे ती पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांवरून जाते. तिसरी मूत्राशयाच्या भिंतीतून आत शिरतानाची, म्हणजे व्हीयूजे. ही सगळ्यात अरुंद. खडे अडकतात ते बहुधा या तीन ठिकाणी.

म्हणून ‘पडेल का हो डॉक्टर?’ या प्रश्नाचं उत्तर दोन गोष्टी एकत्र पाहून द्यावं लागतं. मूत्रवाहिनीत आलेल्या खड्यांचं पुढे काय झालं, हे सीटी स्कॅनवरून पाहणारा एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात 2 ते 4 मिलिमीटरचे सुमारे 76 टक्के खडे आपोआप पडले, 5 ते 7 मिलिमीटरचे 60 टक्के, आणि 9 मिलिमीटरच्या वरचे फक्त 25 टक्के. त्याच रुग्णांचा हिशेब जागेनुसार मांडला तर मूत्रवाहिनीच्या वरच्या भागातले 48 टक्के पडले आणि व्हीयूजेपाशी पोहोचलेले 79 टक्के. कारण सरळ आहे. खाली पोहोचलेल्या खड्याने वरचे दोन्ही अडथळे आधीच पार केलेले असतात, त्याला आता शेवटचाच उरलेला असतो. तोच 6 मिलिमीटरचा, तुरीच्या दाण्याएवढा खडा पीयूजेपाशी असता तर डॉक्टरांनी इतक्या भरवशाने वाट पाहायला सांगितलं नसतं.

खडा खाली सरकतोय हे दुखण्यावरूनही बरंचसं कळतं. सुरुवातीला कुशीत आणि पाठीत असलेली कळ हळूहळू जांघेकडे उतरते. व्हीयूजेपाशी आल्यावर दर अर्ध्या तासाने लघवीला लागतं, चार थेंब होतात आणि जळजळतं. पुष्कळांना हे ‘इन्फेक्शन’ वाटतं.

आता त्या 6 आकड्याकडे जरा संशयाने पाहू. सोनोग्राफीत खडा चकचकीत पांढरा दिसतो आणि त्याच्यामागे काळी सावली पडते, कारण ध्वनिलहरी त्यातून पार जात नाहीत. पण त्या पांढऱ्या ठिपक्याच्या कडा पसरट उमटतात. त्यामुळे लहान खडा सोनोग्राफीत असतो त्यापेक्षा मोठा दिसतो. मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक सहज पडतो. सावलीची रुंदी मोजली तर माप खऱ्याच्या अधिक जवळ जातं. म्हणूनच आठ दिवसांत 5 चा 7 झाला म्हणून हवालदिल होऊ नये. खडा आठवड्यात एवढा वाढत नाही. मोजणारा हात बदललेला असतो. आणखी एक, वाटेत अडचण करते ती खड्याची रुंदी. लांबट, निमुळता खडा 7 मिलिमीटरचा असूनही निघून जातो.

सोनोग्राफीची दुसरी मर्यादा जागेची आहे. किडनी आणि मूत्राशय तिला छान दिसतात, पण मधली मूत्रवाहिनी आतड्यातल्या गॅसमागे लपते. व्हीयूजेचा खडा दिसतो तो भरलेल्या मूत्राशयातून. ‘पाणी प्या, लघवी रोखून धरा’ असं सांगतात ते त्यासाठीच. कंटाळून अर्ध्यावर बाथरूमला जाऊन आलात तर रिपोर्टमध्ये खडा नाही आणि किडनीला सूज मात्र आहे, असं कोडं उरतं. अशा वेळी डॉक्टर साधा, म्हणजे डाय न देता केलेला सीटी स्कॅन सांगतात. तो उगाच सांगितलेला खर्च नव्हे.

आपल्या रुग्णाला काय मिळालं? वेदनाशामक इंजेक्शन, आणि रात्री घ्यायची टॅम्सुलोसिनची गोळी, जी मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाचे स्नायू सैल करते. 5 मिलिमीटरच्या वरच्या, खाली आलेल्या खड्याला तिचा उपयोग होतो. त्याहून लहान खडे गोळीशिवायही तितकेच पडतात. ती घेऊन अंथरुणातून झटकन उठलं तर चक्कर येऊ शकते. कळ चालू असताना तांब्यांवर तांबे पाणी प्यायल्याने खडा ढकलला जात नाही, उलट तुंबलेल्या किडनीवरचा ताण वाढतो. भरपूर पाणी प्यायचं ते नवे खडे होऊ नयेत म्हणून, रोजच्या रोज. हुलग्याचं कढण आणि पानफुटीची पानं यांची ख्याती मोठी आहे. पण तीन-चार मिलिमीटरचे बहुतेक खडे नाहीतरी पडणारच असतात, आणि त्या दिवसांत जे चालू असेल त्याला श्रेय मिळतं.

वाट पाहायची ती साधारण चार आठवडे, फार तर सहा. पण थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, किंवा एकच किडनी असताना ती अडली, तर एक दिवसही थांबायचं नाही. तुंबलेल्या किडनीत जंतुसंसर्ग झाला तर काही तासांत जिवावर बेततं. तेव्हा आधी स्टेंट टाकून किंवा पाठीतून नळी घालून लघवीला वाट करून देतात. खड्याचं पुढे पाहतात. डावीकडच्या 9 मिलिमीटरच्या खड्याला मात्र घाई नाही. खालच्या कप्प्यातून त्याला आधी वर चढावं लागेल, तो आपोआप निघण्याची आशा थोडीच. तो दुखत नसेल आणि वाट अडवत नसेल, तर वर्षाकाठी सोनोग्राफी करून त्याच्यावर नजर ठेवणं पुरतं.

घरी असताना लघवी बारीक गाळणीतून गाळा. खडा सापडला तर डबीत ठेवून तपासणीला द्या, तो कशाचा बनलाय ते कळलं की पथ्य नेमकं सांगता येतं. आणि खडा हाती न लागता दुखणं थांबलं, तर तो पडलाच असं धरू नका. अडकलेला खडा काही दिवसांनी दुखायचा थांबतो आणि किडनी आतून गुपचूप निकामी होत जाते. महिनाभराने, मूत्राशय भरलेलं ठेवून, पुन्हा एकदा सोनोग्राफी करून घ्याच.