हद्दीवरच्या कॉलमचा पाया

कॉलम कुंपणाला चिकटून असला की त्याचा पाया शेजाऱ्याच्या जमिनीत नेता येत नाही. एकाच बाजूला वाढवला, तर भार मध्यावर राहत नाही आणि पाया कलू लागतो. म्हणून तो आतल्या कॉलमच्या पायाशी जोडून एकच 'कंबाइंड फुटिंग' घालतात.

समजा, हद्दीचा कॉलम ६० टनांचा, मध्य हद्दीपासून ०.२ मीटरवर. त्याच्यापासून ४ मीटर आत ९० टनांचा दुसरा. एकत्रित भार हद्दीपासून २.६ मीटरवर पडतो. पायाचा मध्य तिथेच हवा, म्हणून ५.२ मीटर लांब आयत पुरतो.

भार उलटे असते, तर हा बिंदू १.८ मीटरवर आला असता. ३.६ मीटरचा आयत ४.२ मीटरवरच्या आतल्या कॉलमपर्यंत पोचतच नाही! तेव्हा हद्दीकडे रुंद, आत निमुळता समलंब पाया घ्यावा लागतो.