कुर्त्याचं माप आणि पहिलं धुणं

तयार कुर्ते विकणाऱ्या बहुतेक दुकानांच्या मापाच्या तक्त्यात एक ओळ हमखास असते: ‘M – छाती 38’. ही छाती कुणाची, बाईची की कुर्त्याची, हे मात्र तक्ता सांगत नाही. मी छोट्या दुकानांचे असे तक्ते आणि धुण्याच्या सूचना दुरुस्त करून देते. ‘साइज बसला नाही’ म्हणून परत येणाऱ्या कपड्यांचा माग काढायला बसलं, की पहिल्यांदा याच ओळीपाशी थांबावं लागतं.

अंगाचं माप आणि कपड्याचं माप यांत फरक असतो आणि तो असायलाच हवा. न ताणणाऱ्या सुती कापडाचा कुर्ता अंगाबरोबर शिवला तर हात वर करता येणार नाही, बसताना पाठीवर ओढ येईल. म्हणून कटिंग मास्तर छातीत दोन ते चार इंच सैल सोडतात. एका दुकानाचा सरळ कटचा सुती कुर्ता घेऊ. तक्त्यात M 38, L 40, XL 42 असे आकडे होते. मास्तरांना विचारलं तेव्हा कळलं, की हे आकडे अंगाचे आहेत आणि प्रत्येकात ते तीन इंच सैल सोडतात. म्हणजे शिवून झालेला M छातीत 41 भरतो, L 43 आणि XL 45.

आता छाती 39 इंच असलेली एक बाई घरी बसून कुर्ता मागवते. तिच्याकडे टेप आहे, पण अंगावर टेप धरण्यापेक्षा कपाटातला नीट बसणारा कुर्ता मोजणं तिला सोपं वाटतं. तो भरतो 42. तक्त्यात 42 समोर XL आहे, म्हणून ती XL मागवते. हातात येतो 45 इंचांचा कुर्ता, खांद्यावरून उतरणारा. तिला खरं तर L हवा होता. तिने माप बरोबर घेतलं होतं आणि मास्तरांनीही बरोबरच शिवलं होतं, तरी कुर्ता परत आला. दुसरं दुकान तक्त्यात शिवलेल्या कुर्त्याचे आकडे देत असेल तर गडबड उलटी होते. 41 छातीची बाई ‘41’ पाहून M घेते आणि तो काखेत काचतो.

म्हणून नव्या तक्त्यात दोन वेगळे रकाने केले. पहिला ‘तुमची छाती’, दुसरा ‘शिवलेल्या कुर्त्याची छाती’. दुसऱ्याखाली मोजायची रीत लिहिली: कुर्ता टेबलावर सपाट पसरा, काखेच्या एक इंच खाली एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. आता अंग मोजणारी आणि जुना कुर्ता मोजणारी, दोघी एकाच मापापर्यंत पोहोचतात. पहिल्या रकान्यातला सुटा 38 काढून ‘36 च्या वर, 38 पर्यंत’ असं लिहिलं, कारण 38 आणि 40 एवढंच छापलं तर 39 वाली बाई अंदाजाने कुठलं तरी एक उचलते.

सरळ कटच्या कुर्त्याला सीटचं माप तितकंच महत्त्वाचं. बाजूचा कट जिथे सुरू होतो तिथे कुर्ता अडकला, तर छातीत कितीही छान बसला तरी तो परत येणार. ए-लाइनला घेर असतो, तिथे हा रकाना नसला तरी चालतं. प्रत्येक कपड्याला एकच सरसकट तक्ता लावू नये, तो यासाठी.

आपल्याकडे M म्हणजे नक्की किती, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. भारतीय शरीरांवरून मापं ठरवण्यासाठी निफ्ट या संस्थेचा इंडियासाइझ प्रकल्प 2018 मध्ये जाहीर झाला. मुंबईसह सहा शहरांत पंचवीस हजार माणसं थ्रीडी स्कॅनरने मोजायची, अशी ती योजना. पण दुकानातल्या आजच्या कुर्त्यावरचं अक्षर पाहून माप कळेल असं समजू नये. इंचांचे आकडे द्यायलाच हवेत.

आता धुण्याकडे येऊ. मापाचा तक्ता एक जण लिहितो, धुण्याच्या सूचना दुसरा कुणी तरी कुठून तरी उतरवतो. माझ्या मते इथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं, कारण पहिल्या धुण्यानंतर तक्त्यातले आकडेच बदलतात.

विणताना आणि नंतरच्या प्रक्रियेत सुती कापडाचे धागे ओढून ताणलेले असतात. पाणी लागलं की तो ताण सुटतो आणि कापड आटतं, रुंदीपेक्षा लांबीत सहसा जास्त. त्यामुळे ‘थंड पाण्यात धुवा’ एवढं लिहून हे आटणं थांबत नाही. गरम पाण्याने ते वाढतं, पण थंड पाण्यातही होतंच.

किती आटेल, हे घरच्या घरी काढता येतं. थानातून मोठा तुकडा कापा आणि त्यावर न पुसणाऱ्या शाईने 50 सेंटिमीटरचा चौकोन आखा. गिऱ्हाईक धुईल तसा धुवा, वाळवा, इस्त्री करा. असं तीनदा करून मोजा. आमच्या कुर्त्याचं कापड लांबीत 48 सेंटिमीटर भरलं, म्हणजे चार टक्के आटलं. रुंदीत 49, म्हणजे दोन टक्के. तक्त्यातली 46 इंच उंची यामुळे 44 च्या जरा वर येते आणि 41 ची छाती 40 च्या जवळ. गुडघा झाकेल म्हणून घेतलेला कुर्ता आता गुडघ्याच्या वर जातो, आणि 38 छातीच्या बाईला तीन इंचांऐवजी दोनच इंच सैल उरतात. धुतलेला कपडा दुकान परत घेत नाही, त्यामुळे वाद होतो आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. यावर चांगला उपाय म्हणजे कापड आधी पाण्यातून काढून मग कापणं. ते परवडत नसेल तर तक्त्यात धुतल्यानंतरची मापं द्यावीत आणि तसं स्पष्ट लिहावं.

जुन्या सूचनांत ‘टम्बल ड्राय लो’ असं होतं. कपडे दोरीवर वाळत घालणाऱ्या घरात त्याचा उपयोग नाही. आम्ही लिहिलं: पहिली तीन धुणी वेगळी करा, पावडरीच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवू नका, ब्रश मारू नका, उलटा करून सावलीत वाळत घाला. निळीच्या अजरखला आणखी एक ओळ लागली: सुरुवातीला रंग घासून उतरतो, पांढऱ्या सलवारीवर घालू नका. मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा सल्ला मात्र काढून टाकला. रंगाईच्या वेळी मीठ काही रंगांना धाग्यात जायला मदत करतं, पण रंगवून झालेल्या कापडाचा सुटणारा रंग त्याने पक्का होत नाही. हातमागाच्या साध्या कुर्त्यावरचं ‘फक्त ड्रायक्लीन’ही खोडलं. लोक तो कुर्ता घरीच धुतात आणि तो कसा धुवावा, हे त्यांना कुणीच सांगितलेलं नसतं.

तक्ता सुधारला की नाही, हे परतीच्या चिठ्ठीवरून कळतं, पण चिठ्ठीतला प्रश्नही बदलावा लागतो. ‘साइज इश्यू’ या एका खुणेतून काही हाती लागत नाही. छाती, सीट, खांदा, उंची, आणि त्यातलं घट्ट की सैल, एवढं विचारावं. मग परत आलेला कुर्ता टेबलावर पसरून मोजावा. 41 चा M प्रत्यक्षात 39 भरला तर चूक शिवणात आहे, तक्ता कितीही नीट लिहिला तरी तो कुर्ता परत येणारच, आणि ती गोष्ट मास्तरांकडे न्यायला हवी. कुर्ता बरोबर 41 भरला आणि तरीही ‘छातीत घट्ट’ अशी खूण असली, तर बाईंना फोन करून एवढंच विचारावं: टेप तुम्ही कुठे धरली होती?