सहलीच्या एजंटला ई-मेल : खोल्या, जेवण आणि बदललेली वेळ

औपचारिक पत्रात मायना आणि विषय कसा लिहायचा ते तुम्हाला येतं. आज एक खरोखर कामाला येणारा ई-मेल बघू. डोंबिवलीतला 22 जणांचा ज्येष्ठांचा गट 6 ते 8 डिसेंबर 2025 असा गणपतीपुळ्याला निघाला आहे, असं समजा. खोल्या, बस आणि जेवण एजंटकडे.

कोकणच्या गाड्या दिव्याहून पनवेलकडे वळतात, म्हणून डोंबिवलीकरांना त्या ठाण्याला पकडाव्या लागतात. गटाने मांडवी ठरवली होती, ती दुपारी एकच्या सुमारास रत्नागिरीला पोचते. तिकिटं वेटिंगलाच राहिली, म्हणून आता कोकणकन्या. ही शुक्रवारी मध्यरात्रीच्या थोडं आधी ठाण्याहून सुटते आणि शनिवारी पहाटे पाचच्या आसपास रत्नागिरीला येते.

गोंधळ इथेच होतो. "आम्ही शुक्रवारच्या गाडीने येतोय, पहाटे पाचला बस पाठवा" असं लिहिलं, तर बस शुक्रवारी पहाटेच स्टेशनवर येऊन परत जाईल! म्हणून सुटण्याची आणि पोचण्याची तारीख वेगवेगळी लिहायची, वारासकट.

वेळ बदलली की तिच्यामागे आणखी गोष्टी बदलतात. हॉटेलात खोल्या दुपारी बाराला मिळणार आणि मंडळी सकाळी साडेसहा-सातलाच दारात. सगळ्या खोल्या आदल्या रात्रीपासून घेतल्या तर एका रात्रीचं भाडं वाढतं. त्यापेक्षा आंघोळीपुरत्या दोन खोल्या लवकर मागणं परवडतं. शिवाय शनिवारचा नाश्ता आधीच्या ठरावात नव्हता, तोही मागायला हवा.

आता खोल्या. नावं आधारकार्डावर आहेत तशीच लिहायची. आपल्याकडे ओळखीचं नाव एक आणि कार्डावर माहेरचं, असं खूपदा असतं, मग काउंटरवर शोधाशोध. "डबल रूम" एवढंच लिहू नका. दोन मैत्रिणी एका खोलीत असतील तर "दोन वेगळे पलंग" असं स्पष्ट हवं. आणि शेवटी बेरीज करा : दोघांच्या 8 खोल्या म्हणजे 16, तिघांच्या 2 म्हणजे 6, एकूण 22. बेरीज जुळली नाही तर कोणीतरी यादीतून सुटलंय किंवा दोनदा आलंय.

जेवणात मात्र सगळं बेरजेत धरायचं नाही. मासे खाणारे 15, शाकाहारी 5, जैन 2, झाले 22. मधुमेह असलेले तिघं यांच्यातलेच आहेत. त्यांना वेगळं मोजलं की 25 ताटं होतात आणि पैसे आपण भरतो. एकांना शेंगदाणे चालत नाहीत. आता "शेंगदाणे नकोत" एवढं लिहिलं तर आचारी फक्त चटणी वगळेल. कूट कोशिंबिरीत आणि उसळीतही असतं, साबुदाण्याच्या खिचडीत तर असतंच, म्हणून "कूटसुद्धा नको" असं लिहावं. रविवारी 7 तारखेला संकष्टी आहे. मासे खाणाऱ्यांपैकी चौघांचा उपवास, म्हणून त्या रात्रीचे आकडे मासे 11, शाकाहारी 9, जैन 2. चंद्रोदय साडेआठच्या सुमारास, म्हणजे स्वयंपाकघर नऊच्या पुढेही चालू हवं.

हा झाला ई-मेल :

विषय : गणपतीपुळे सहल, 6–8 डिसेंबर, 22 जण – आगमनवेळेत बदल, खोल्या व जेवण

महोदय,

आमची आगमनाची वेळ बदलली आहे. आम्ही शुक्रवार 5 डिसेंबरला रात्री ठाण्याहून कोकणकन्येने निघून शनिवार 6 डिसेंबरला पहाटे 5 च्या सुमारास रत्नागिरीला पोचू. बस त्या वेळी स्टेशनवर हवी. सकाळी 7 पासून दोन खोल्या आणि 22 जणांचा नाश्ता मिळेल का? त्याचा जादा खर्च कृपया कळवावा. शनिवार व रविवार अशा दोन रात्रींचा मुक्काम आहे तसाच आहे.

खोल्यांची यादी क्र. 2 जोडली आहे, पहिली यादी रद्द समजावी. एकूण 10 खोल्या. यादीतील खोली 1, 2 व 3 तळमजल्यावर हव्यात, त्यातील व्यक्तींना जिना चढता येत नाही.

जेवण : मासे 15, शाकाहारी 5, जैन 2 (कांदा, लसूण, कंदमुळे नकोत). यांपैकी तिघांना साखरेचे पदार्थ नकोत. खोली 4 मधील एका व्यक्तीस शेंगदाणे, कूट व शेंगदाणा तेल वर्ज्य आहे. रविवारी चौघांना दिवसा फराळाचे व चंद्रोदयानंतर शाकाहारी जेवण हवे. त्या रात्री मासे 11, शाकाहारी 9, जैन 2.

बस, लवकरच्या खोल्या व शेंगदाण्याची सूचना हॉटेलला कळवल्याचे मंगळवार 2 डिसेंबरपर्यंत लेखी कळवावे.

आपला,
(नाव, मोबाईल क्रमांक)

आगमनाची वेळ सगळ्यात वर का घेतली, ते लक्षात आलं ना? एजंट घाईत मोबाईलवर पहिल्या दोन ओळी वाचतो आणि बसवाल्याला फोन लावतो. आणि "ओके" एवढंच उत्तर आलं, तर या तीन गोष्टींची नावं घेऊन पुन्हा विचारा. शेंगदाण्याचं तर हॉटेलात पोचल्यावर आचाऱ्यालाही तोंडी सांगायचं, कारण ई-मेल त्याच्यापर्यंत गेलेला नसतो.