चार दिवस पुढे गेलेली पाळी

पाळीची तारीख मंगळवारची होती. पाळी आली नाही म्हणून तिने मेडिकलमधून किट आणलं आणि पहाटेच्या लघवीचे दोन-तीन थेंब टाकले. सी समोर ठळक रेघ उमटली, टी समोर फिकट गुलाबी. फिकट का होईना, दुसरी रेघ होती. गुरुवारी पुन्हा पाहिलं तेव्हा ती गडद व्हायच्या ऐवजी आणखी पुसट झाली होती. शनिवारी पोटात कळा आल्या आणि नेहमीपेक्षा जास्त, गाठी पडत रक्तस्राव सुरू झाला. आता हिला नेमकं झालं काय? किट चुकलं, दिवस गेलेच नव्हते, की पाळी नुसती उशिरा आली? हे उदाहरण कल्पित आहे, पण हा प्रश्न स्त्रीरोगतज्ज्ञांसमोर वारंवार येतो.

किट बहुधा बरोबरच होतं. दिवस गेले होते, पण गर्भ टिकला नाही. याला डॉक्टर 'केमिकल प्रेग्नन्सी' म्हणतात. नाव ऐकून वाटतं, कुठल्या तरी औषधाने किंवा रसायनाने काही बिघडलं असेल. तसं काही नाही. सोनोग्राफीत गर्भपिशवी दिसण्याआधीच हे गर्भारपण संपतं, त्यामुळे त्याचा पुरावा फक्त लघवीत किंवा रक्तात सापडलेलं एचसीजी हे संप्रेरक, एवढाच असतो. म्हणून ते नाव पडलं.

अठ्ठावीस दिवसांची पाळी धरली तर साधारण चौदाव्या दिवशी स्त्रीबीज बाहेर पडतं. फळलेलं बीज बहुतेक वेळा त्यानंतर आठ ते दहा दिवसांनी गर्भाशयाच्या अस्तरात रुजतं आणि एचसीजी तयार होऊ लागतं. त्या संप्रेरकामुळे अंडाशय प्रोजेस्टेरॉन बनवत राहतं आणि अस्तर गळून पडत नाही. म्हणून पाळी थांबते. गर्भाची वाढ थांबली की एचसीजी उतरतं, पाठोपाठ प्रोजेस्टेरॉनही उतरतं आणि अस्तर सुटतं. त्याला वाढायला चार दिवस जास्त मिळालेले असल्याने रक्तस्राव आणि कळा थोड्या जास्त असू शकतात. पिशवी साफ करायची गरज सहसा पडत नाही.

गर्भ का थांबला, याचं सर्वांत मोठं कारण गुणसूत्रांची चुकलेली संख्या. ही चूक बीज तयार होताना किंवा फळताना, अगदी सुरुवातीलाच झालेली असते. पपई खाल्ली, स्कूटरवरून गेली, पाण्याची कळशी उचलली म्हणून असं घडत नाही. घरात कुणी तसं म्हणालं, तरी त्या बाईने ते मनाला लावून घेऊ नये. 1988 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 221 स्त्रियांची लघवी रोज तपासली गेली. रुजलेल्या गर्भांपैकी सुमारे 22 टक्के असे होते की ते कळायच्या आतच संपले. आपल्या आज्यांच्या वेळी किट नव्हतं, त्यामुळे अशा वेळी 'पाळी चार दिवस पुढे गेली' एवढंच कळायचं.

आता तिच्याकडे परत येऊ. डॉक्टरांनी शनिवारी बीटा एचसीजी करायला सांगितलं. आकडा आला 18. सोमवारी तोच आकडा 6 झाला. वाढत्या गर्भात या दिवसांत हा आकडा साधारण दोन दिवसांत दुपटीच्या आसपास जातो. इथे तो झपाट्याने उतरला, म्हणजे गर्भारपण आपोआप संपत आलं होतं. एकट्या आकड्यावरून हे कळलं नसतं. म्हणूनच दोन दिवसांनी पुन्हा रक्त द्यायला सांगतात. आकडा 5 च्या खाली जाईपर्यंत पाहणं बरं.

ही काळजी घ्यावी लागते, कारण नळीत रुजलेल्या गर्भाची सुरुवातही अशीच असू शकते: पुसट रेघ, मग रक्तस्राव. त्यात आकडा बहुधा नीट उतरत नाही, तिथेच घुटमळतो किंवा हळूहळू वाढतो. पोटात एका बाजूला सतत दुखलं, खांद्याच्या टोकाला कळ आली, चक्कर आली किंवा तासाला दोन पॅड भिजायला लागले, तर आकड्याची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं.

एक अपवाद राहिला. वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल, तर त्याचाच अंश काही दिवस रेघ उमटवू शकतो. शिवाय सांगितलेल्या वेळेनंतर बऱ्याच उशिराने दिसलेली राखाडी रेघ धरायची नसते.

रक्तस्रावाचा पहिला दिवस पाळीचा पहिला दिवस धरायचा. स्त्रीबीज दोन आठवड्यांतही बाहेर पडू शकतं, त्यामुळे मन तयार असेल तर पुढच्याच महिन्यात पुन्हा प्रयत्न करता येतो. त्या अमेरिकेतल्या अभ्यासातल्या, असा गर्भ गमावलेल्या बहुतेक स्त्रियांना पुढे दोन वर्षांच्या आत दिवस गेले. तारीख आणि दोन्ही आकडे मात्र वहीत लिहून ठेवावेत. असं पुन्हा घडलं, तर तपासण्या सुरू करायच्या का, हे ठरवताना डॉक्टर आधी तेच विचारतील.