कुलूप बदललं, पण कुणी?

रविवारी संध्याकाळी वॉट्सअ‍ॅपवर मावशीच्या नावाखाली एक ओळ उमटते: तुमचा आणि त्यांचा सुरक्षा कोड बदलला आहे. वाचणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती हॅकिंगची. बहुतेक वेळा मावशीने फक्त नवा फोन घेतलेला असतो.

वॉट्सअ‍ॅपवरचे निरोप कुलूपबंद जातात आणि त्या कुलपाची गुप्त किल्ली फक्त फोनमध्ये असते. तिच्याच जोडीची उघड किल्ली समोरच्याला मिळते. तुमच्या आणि मावशीच्या उघड किल्ल्यांवरून 60 आकडी कोड बनतो. गुप्त किल्ली चॅटच्या बॅकअपमध्ये जात नाही. त्यामुळे अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं किंवा फोन बदलला की जुने निरोप परत येतात, पण किल्ली नवी बनते आणि कोड बदलतो. लॅपटॉप जोडला वा काढला तरीही हे होऊ शकतं. सूचना दिसली म्हणजे तुमचा फोन कुणी फोडला, असं मुळीच नाही.

पण चोराने मावशीचा नंबर स्वतःच्या फोनवर चालू केला, तरी हीच ओळ येते. किल्ली नवी आहे एवढंच ती सांगते, कुणाची ते सांगत नाही. चोराला त्यासाठी एसएमएसने येणारे सहा आकडे लागतात. "चुकून तुझ्या फोनवर माझा कोड आलाय, पाठव ना," अशी गोड थाप मारून ते मिळवले जातात. कधी नंबराचं नवं सिम काढून घेतलं जातं.

म्हणून सूचनेनंतर काय येतं ते पाहावं. कोड बदलला आणि अर्ध्या तासात मावशी "वीस हजार पाठव, फोन करू नकोस, मीटिंगमध्ये आहे" असं म्हणाली, तर थांबा. मावशी आयुष्यात कधी मीटिंगला गेलेली नाही! आता साधा फोन लावा. वॉट्सअ‍ॅप कॉल नको, तो चोराकडेच वाजेल. आवाज ऐकून खात्री करा. फोन बंद असेल किंवा अनोळखी माणसाने उचलला, तर सिमच गेलं असू शकतं. मग काकांना विचारा.

कोड पडताळायचा तर संपर्काच्या माहितीत 'एन्क्रिप्शन' उघडून समोरासमोर क्यूआर स्कॅन करावा किंवा साध्या फोनवर आकडे वाचावेत. चॅटमध्येच आकडे मागवून उपयोग नाही. चोराच्या फोनवरही तुमच्याशी जुळणारेच आकडे असतात.

मावशीचं खातं खरंच गेलं असेल, तर तिने आपल्या फोनवर नंबर पुन्हा नोंदवावा, म्हणजे चोराचा फोन बाहेर पडतो. चोराने मध्येच दुहेरी पडताळणीचा पिन लावला असेल, तर मावशीला सात दिवस थांबावं लागू शकतं. तोवर नातेवाइकांना कळवायचं काम तुमचं. आणि मावशी आत शिरली की तुम्हाला तीच ओळ पुन्हा दिसेल.